P पुस्तकाशी जुळत नाही म्हणून खोडू नका

प्रश्न: पुस्तकातल्या उदाहरणाचा फोटो जोडलाय. A डायगोनलाइझ करून A¹⁰ काढायचंय. माझ्या आयगन व्हॅल्यू वर्गमुळात येतायत. मैत्रिणीला २ आणि ३ येतात, पण तिचाही P पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तरातल्या P पेक्षा वेगळा आहे. परीक्षेत पुस्तकासारखाच P लिहावा लागतो का?

उत्तर:

फोटो मोठा करून बघा. पान शिवणीकडे वळतं तिथे सावली पडली आहे, आणि पहिल्या ओळीतल्या २ च्या आधी एक बारीक आडवी रेघ त्या सावलीत गेली आहे. ते वजाचं चिन्ह आहे.

```
A = | 4  -2 |
    | 1   1 |
```

तुम्ही +2 धरलंत, म्हणून λ² − 5λ + 2 = 0 आलं आणि त्यातून √17 निघालं. −2 धरलं की डिटरमिनंट 4 + 2 = 6 होतो, λ² − 5λ + 6 = 0, आणि व्हॅल्यू २ आणि ३. हातानं दहावा घात काढायला सांगणारा माणूस सहसा √17 देत नाही. पण नुसत्या अंदाजावर राहू नका, मागे छापलेला P हाताशी आहे, त्याच्यावरच पडताळा. त्याचा पहिला कॉलम (2, 1) आहे. −2 वाल्या A नं त्याला गुणलं तर (6, 3) येतं, म्हणजे बरोबर तिप्पट. +2 वाल्यानं गुणलं तर (10, 3) येतं, जे (2, 1) च्या कोणत्याच पटीत नाही. फोटो धूसर असला तरी चिन्ह असं पक्कं करता येतं.

आता मैत्रिणीचा P. तिनं λ = 2 आधी घेतला, व्हेक्टर (1, 1). मग λ = 3, व्हेक्टर (2, 1). पुस्तकानं ३ आधी घेतलाय, म्हणून त्याचे कॉलम उलट क्रमानं आहेत. दोन्ही बरोबर आहेत. कॉलमचा क्रम बदला, एखादा कॉलम −1 नं किंवा 7 नं गुणा, P वेगळा दिसेल आणि A¹⁰ तोच येईल. एकच अट आहे: P मध्ये जो व्हेक्टर पहिला, त्याचीच व्हॅल्यू D मध्ये पहिली.

हे मी इतकं ठासून का सांगतोय? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी इंटर्नल परीक्षेत असंच एक गणित होतं. मी मोठी व्हॅल्यू आधी घेतली होती, मॉडेल आन्सरमध्ये लहान आधी होती. माझ्या P वर लाल रेघ, त्याखालच्या सगळ्यावर तिरकी रेघ, शेवटी आलेलं उत्तर मॉडेल आन्सरसारखंच असूनही शून्य. मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो आणि सरांच्या टेबलावरच AP आणि PD दोन्ही गुणून दाखवले. दोन्ही सारखे आले. सर म्हणाले, "गणित बरोबर असेल रे, पण मॉडेल आन्सरमध्ये असं नाही. तपासणाऱ्यानं कशावरून मार्क द्यायचे?" मार्क वाढले नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर टेबलावरच पडलं होतं: AP = PD येतं का ते बघावं आणि मार्क द्यावेत. आज मी स्वतः पेपर तपासतो आणि प्रत्येक P ला हेच करतो. २×२ ला अर्धं मिनिट लागतं, आणि इनव्हर्सही काढावा लागत नाही. ज्याला तेवढंही जमत नसेल त्यानं हा विषय तपासायला घेऊ नये.

मैत्रिणीच्या P नं पुढे जाऊ. P चा डिटरमिनंट −1 आहे, त्यामुळे इनव्हर्समध्ये अपूर्णांकही येत नाहीत.

```
P = | 1  2 |    D = | 2  0 |    P⁻¹ = | -1   2 |
    | 1  1 |        | 0  3 |          |  1  -1 |

Aⁿ = P Dⁿ P⁻¹ = | 2·3ⁿ - 2ⁿ    2·2ⁿ - 2·3ⁿ |
                |   3ⁿ - 2ⁿ      2·2ⁿ - 3ⁿ |
```

आधी n = 1 घालून A परत मिळतो का ते बघा. मिळतो. मग 2¹⁰ = 1024 आणि 3¹⁰ = 59049 घाला.

```
A¹⁰ = | 117074  -116050 |
      |  58025   -57001 |
```

बहुतेक मुलं इथे थांबतात, फार तर ट्रेस जुळवतात: 117074 − 57001 = 60073, आणि 1024 + 59049 सुद्धा 60073. पण नेमकी जी चूक सगळ्यात जास्त होते ती ट्रेसमध्ये सापडत नाही. समजा P मैत्रिणीचा ठेवला आणि D पुस्तकातला उचलला, म्हणजे 3 आधी आणि 2 नंतर. मग PDP⁻¹ असा येतो:

```
|  1  2 |
| -1  4 |
```

हा A नाही, पण याचाही ट्रेस ५ आहे आणि डिटरमिनंटही ६ आहे. दोन्ही पडताळे पास! ही चूक शेवटच्या उत्तरावरून पकडायची असेल तर व्हेक्टर वापरा. मूळ A च्या प्रत्येक ओळीची बेरीज २ आहे, कारण (1, 1) हा २ चा व्हेक्टर आहे. म्हणून A¹⁰ च्या प्रत्येक ओळीची बेरीज 1024 यायलाच हवी. 117074 − 116050 = 1024, आणि 58025 − 57001 = 1024. क्रम चुकला असता तर तिथे 59049 आलं असतं.

पुस्तकासारखाच P लिहावा का, तर माझ्या मते मुळीच नाही. तुमचा आलेला P लिहा, त्याखाली लगेच D लिहा आणि एका ओळीत AP = PD गुणून दाखवा. ती ओळ पेपरवर असली की तपासणाऱ्याला पळवाट राहत नाही. तुमच्या कॉलेजात नक्की काय चालतं ते तुमच्या सरांवर आहे. आणि पेपरमध्ये "λ चढत्या क्रमानं घ्या" असं छापलंच असेल तर मात्र तसंच घ्या, तिथे वाद घालू नका.

दोन गोष्टी राहिल्या. नुसता दहावा घात हवा असेल आणि पद्धत सांगितली नसेल, तर A², A⁴, A⁸ काढून A⁸ ला A² नं गुणणंही चालतं. चार गुणाकारात काम होतं. Aⁿ चं सूत्र हवं असेल किंवा n = 100 असेल तर डायगोनलायझेशनच बरं.

दुसरी, व्हॅल्यू दोनदा आली तर आधी थांबा. याच A मध्ये −2 च्या जागी −1 आणि खालच्या ओळीतल्या उजवीकडच्या 1 च्या जागी 2 असता, तर ट्रेस ६, डिटरमिनंट ९, आणि λ = 3 दोनदा. त्याला (1, 1) ही एकच दिशा मिळते. दुसरा स्वतंत्र व्हेक्टर नाही, म्हणून P बनतच नाही. तिथे N = A − 3I घ्या. N² शून्य येतं, आणि Aⁿ = 3ⁿ I + n·3ⁿ⁻¹ N हे सूत्र थेट मिळतं.