आईच्या खर्चासाठी प्रांताकडे अर्ज

प्रश्न: वडील वारले. आई गावी एकटीच असते. थोरल्या भावाला पुण्यात चांगला पगार आहे, पण तो एक पैसा पाठवत नाही. आईला दरमहा खर्च मिळावा म्हणून अर्ज कुठे करायचा? वकील लागतो का?

उत्तर:

अर्ज २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली करायचा. महाराष्ट्रात तो प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो. आई राहते तिथल्या प्रांत कार्यालयात तो देता येतो, त्यासाठी तिने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. आईचं वय साठ पूर्ण नसलं तरी चालतं. वकील लागत नाही. आईला जमत नसेल तर तिने लेखी अधिकार दिलेला माणूसही अर्ज देऊ शकतो.

मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ही जबाबदारी तुमच्यावरही आहे आणि लग्न झालेली बहीण असेल तर तिच्यावरही. अर्ज एकट्या भावावर केला तर तो तुम्हालाही त्यात ओढू शकतो. त्यामुळे तुम्ही दरमहा किती द्याल, हे अर्जातच लिहा.

माझ्या मावशीचा अर्ज मीच लिहिला होता. पहिल्या मसुद्यात ‘मुलं बघत नाहीत’ एवढंच होतं. तिथल्या कारकुनाने विचारलं, "महिन्याला लागतात किती?" मग मावशीची वही काढली. किराणा ३,०००, औषधं २,३००, धुण्याभांड्याच्या बाई १,५००, दूध ९००, गॅस ४५०, वीज ३५०. एकूण ८,५००. शेताच्या खंडाचे महिन्याला १,५०० पडायचे, ते आम्ही स्वतःहून वजा दाखवले आणि ७,००० मागितले. औषधांच्या पावत्या जोडल्या. मुलांचे पत्ते आणि ते कुठे नोकरी करतात तेही लिहिलं. मिळकत लपवली असती तर मुलांनी पहिल्याच तारखेला ती काढली असती.

आधी समेटाचा प्रयत्न होतो. मुलांना नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, फार तर आणखी ३० दिवस. तारखा पुढे जातात, म्हणून अर्जातच अंतरिम खर्चही मागा. या कायद्याखाली महिन्याला जास्तीत जास्त १०,००० मिळतात. गरज त्याहून मोठी असेल तर फौजदारी न्यायालयात पोटगी मागता येते, पण दोन्हींपैकी एकच वाट धरावी लागते.

मावशीला थोरल्याकडून ४,००० आणि धाकट्याकडून ३,००० असा आदेश मिळाला. थोरल्याने दोन महिने दिले आणि थांबवले. तिला वाटलं, आता साहेब बघतील. पण आपण अर्ज केल्याशिवाय वसुली होत नाही, आणि तो अर्ज रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. आम्ही दुसऱ्या महिन्यात दिला. वॉरंट निघू शकतं, तरीही न भरल्यास महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, हे कळल्यावर त्याने थकबाकी भरली. पैसे आईच्या बँक खात्यातच घ्या, म्हणजे कोणता महिना चुकला ते पासबुकात दिसेल.