‘कमी तापमाना’च्या बॉयलरमध्येही क्लिंकर का धरतो?

प्रश्न : ‘आमच्या राईस मिलमध्ये ताशी ६ टन वाफेचा, तापलेल्या वाळूच्या थरात म्हणजे बेडमध्ये इंधन जाळणारा एफबीसी बॉयलर आहे. दोन वर्षे धानाच्या तुसावर उत्तम चालला. यंदा तूस महागले म्हणून त्यात सोयाबीनचे कुटार मिसळले, तर आठवड्याभरात बेडमध्ये क्लिंकर धरला, म्हणजे राख-वाळू चिकटून गोटे झाले. बॉयलरवाले म्हणाले होते की ८५० अंशांवर राख वितळतच नाही. मग हे झाले कसे?’

तुमची हकीकत वाचून आमच्या मिलमधला नोव्हेंबर आठवला. तेच मिश्रण, तोच आठवडा. सुरुवातीलाच सांगतो की तुमच्या बॉयलरची रचना मी पाहिलेली नाही. त्यामुळे पुढे लिहिलेले आकडे जसेच्या तसे उचलू नका, बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरशी बोलून ठरवा.

८५० अंशांचा दावा खोटा नाही, पण तो कोळशाच्या राखेपुरता खरा आहे. शेगडीच्या बॉयलरमध्ये जळता थर १२०० अंशांच्या वर जातो आणि राख तिथे मऊ पडते. एफबीसीमध्ये इंधन जळते ते खालून हवेने उकळत ठेवलेल्या तापलेल्या वाळूत. कोणत्याही क्षणी बेडमध्ये जळणारे इंधन अगदी थोडे असते, बाकी सगळी वाळू आणि राख. म्हणूनच निम्मी राख असलेला कोळसाही विझत नाही, कारण प्रत्येक कणाला पेटवायला चोहोबाजूंनी तापलेली वाळू हजर असते. त्याच वेळी बेडमधल्या नळ्या आणि जादा हवा उष्णता ओढून घेतात, त्यामुळे तापमान ८००-९०० अंशांतच राहते. हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साइड ठळकपणे तयार व्हायला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. इथे जे होते ते मुख्यतः इंधनातल्याच नायट्रोजनचे. कोळसा जाळताना चुनखडी टाकून गंधकाचा धूर पकडता येतो, तोही याच तापमानपट्ट्यात. अर्धा टक्का गंधकाच्या टनभर कोळशाला साधारण ४० किलो चांगली चुनखडी असा माझा ढोबळ हिशेब असतो. तुसात गंधक नगण्य असल्यामुळे तिथे हा खर्च करू नका.

आता कुटाराकडे येतो. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, आणि ती एकटी या उष्णतेला दाद देत नाही. कुटाराच्या राखेत पोटॅशियम बरेच असते. हे पोटॅशियम वाळूतल्या सिलिकेला भेटले की ७५० अंशांच्या आसपासच वितळू लागणारी काच तयार होते. त्यात भर म्हणजे जळत्या कणाचा पृष्ठभाग बेडपेक्षा बराच जास्त तापलेला असतो. म्हणजे ८५० हे ‘कमी तापमान’ कोळशासाठी. या राखेसाठी ते जास्तच आहे.

माझी खरी चूक मात्र कुटार मिसळण्याची नव्हती. बेडमध्ये तापमान मोजणारे चार थर्मोकपल होते आणि एरवी चौघांत १५ अंशांपेक्षा जास्त फरक पडत नसे. त्या रात्री दोन क्रमांकाचा ८४५ वरून अर्ध्या तासात ७९० वर आला. मला वाटले, इंधन ओले आले असावे, म्हणून मी फीड वाढवायला सांगितले. प्रत्यक्षात तिथली वाळू चिकटून उकळायची थांबली होती, तिच्यात इंधन मिसळत नव्हते, म्हणून ती थंड पडत होती. वाढवलेले इंधन उरलेल्या जिवंत भागात जळाले आणि चार क्रमांकाचा काटा ९३५ वर गेला. बाकीची वाळू त्याने चिकटवली. पहाटे आम्ही बॉयलर बंद केला आणि पुढचे तीन दिवस छिन्नी-हातोड्याने गोटे फोडण्यात गेले. गोटा फोडला की आत वाळूचे कण हिरवट काळ्या काचेत रुतलेले स्पष्ट दिसत होते.

या सगळ्याची आगाऊ खूण समोरच होती, पण ती तापमानाची नव्हती. बेडखालच्या हवापेटीला दाब मोजणारा पाण्याचा यू-ट्यूब मॅनोमीटर जोडलेला होता. बेड निरोगी असताना त्यातले पाणी सारखे थरथरत असते, कारण वाळूतून बुडबुडे फुटत असतात. त्या संध्याकाळी पाणी जवळजवळ स्थिर झाले होते आणि बेडचा दाब ४२० मिलिमीटरवरून ३४० वर आला होता, तेही आम्ही वाळू काढलेली नसताना. वाळूचे वजन तेच असून दाब उतरला, याचा अर्थ हवेने एका जागी वाट फोडली होती आणि बाकीचा बेड झोपला होता. ऑपरेटरने लॉगबुकात दाब लिहिला होता. मी तो सकाळी वाचला. तेव्हापासून आमच्याकडे दर तासाला दाबाचा आकडा आणि ‘पाणी हलते का’ असे दोन रकाने आहेत. दाब कारण नसताना उतरला किंवा दोन थर्मोकपलमध्ये ५० अंशांचे अंतर पडले, तर आधी इंधन कमी करायचे, वाढवायचे कदापि नाही, आणि मग खालून जुनी वाळू काढून नवी भरायची.

विक्रेत्याच्या सेवा कार्यालयाचा अनुभव तर सांगायलाच हवा. नाव घेत नाही. सहा फोन आणि दोन पत्रांनंतर ‘इंधन करारातील नाही, सबब हमी लागू नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. विक्रीच्या वेळी ‘काहीही जाळा’ म्हणणारे हेच लोक. आम्ही ज्या प्रयोगशाळेत कुटार दिले तिने उष्मांक, ओलावा आणि राखेचे प्रमाण कळवले. राखेत काय आहे हे मी मागितलेच नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. तुम्ही राखेतल्या पोटॅशियमचे आणि सोडियमचे प्रमाण मागा, आणि राख ५५० अंशांवर तयार करायला सांगा, कारण कोळशासारखी ८१५ वर केली तर पोटॅशियमचा काही भाग उडून जातो. त्याहून साधी चाचणी म्हणजे ती राख तुमच्याच बेडच्या वाळूत मिसळून मूसमध्ये चार तास ८५० अंशांवर ठेवणे. मूस उपडी केल्यावर वाळू सुटी पडली तर ठीक. ढेप निघाली तर बेडमध्येही ढेपच निघेल.

आम्ही शेवटी नदीची वाळू सोडली, कारण ती बहुतांश सिलिकाच आहे, आणि भट्टीच्या रिफ्रॅक्टरी विटांचा १ ते २ मिलिमीटरचा चुरा घेतला. त्यातल्या ॲल्युमिनामुळे पोटॅशियमची काच होण्याची खोड कमी होते. कुटार एक पंचमांशावर आणले, आणि ते चालू असताना बेड ७८०-८०० वर ठेवतो. यापेक्षा खाली जायचा मोह टाळा, कारण मग इंधनाचे कोळसा झालेले कण पुरते न जळता राखेबरोबर निघून जातात आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तुसाचा वायू बेडच्या वरच पेटतो, त्यामुळे वरच्या पोकळीतही थर्मोकपल हवाच. खाली ८०० आणि वर ९५० असे आम्ही स्वतः पाहिले आहे, त्यावर उपाय म्हणून वरची हवा वाढवावी लागली.

धूर कमी म्हणजे धूळ कमी, असे मात्र समजू नका. ६ टनी बॉयलरला ताशी दीड टन तूस लागले तर अडीचशे किलोंहून अधिक राख निघते आणि ती हलकी असल्यामुळे बहुतेक धुराबरोबरच जाते. बॅग फिल्टरला पर्याय नाही. इंधन बदलल्याची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात करून घेतली आहे ना, तेही पाहा.

गोटे फोडले असतील तर ते नेमके कोणत्या भागात होते, आणि इंधनाचा पाईप तिथेच पडतो का, हे कळवा. आमचा पहिला गोटा अगदी फीडच्या तोंडाखाली सापडला होता.