डेल्टा ई : रंगभेद, रंगांतर की आणखी काही?

*एका डायिंग कारखान्याच्या तपासणी-अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात ‘लॅब व्हॅल्यू’ आणि ‘डेल्टा ई १.२, मान्य’ असं जागोजागी येतं. हे लॅब म्हणजे प्रयोगशाळाच ना? आणि डेल्टा ई ला ‘रंगभेद’ लिहिलं तर चालेल का?*

प्रयोगशाळा नव्हे. एल, ए आणि बी ही तीन वेगळी अक्षरं आहेत. प्रत्येक अक्षर एका मोजमापाचं नाव आहे, आणि ती जोडून वाचायची सवय लागल्यामुळे ‘लॅब’ झालं. मूळ लेखनात तिन्ही अक्षरांवर तारा असतो, कारण रिचर्ड हंटर यांची १९४८ची याच अक्षरांची एक जुनी पद्धत होती. प्रकाश आणि रंग यांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, १९७६मध्ये नवी पद्धत मान्य केली. दोन्हींतले आकडे वेगळे येतात, म्हणून अनुवादात तारा गाळू नका.

‘डेल्टा ई’मधला ई जर्मन आहे. ‘एम्पफिंडुंग’ म्हणजे संवेदना, आणि डेल्टा म्हणजे फरक. रंगद्रव्य किती ग्रॅम कमी पडलं याचा हा आकडा नाही. बघणाऱ्याच्या संवेदनेत किती फरक पडेल, याचा तो अंदाज आहे.

आता ती तीन मोजमापं. एल म्हणजे उजळपणा : काळ्याला ०, पांढऱ्याला १००. ए ही हिरव्याकडून तांबड्याकडे जाणारी रेघ, हिरव्या बाजूला उणे आणि तांबड्या बाजूला अधिक. बी ही निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी, निळी बाजू उणे. दोन्ही शून्य असतील तर रंग निव्वळ करडा. हीच जोडपी का, याचा पुरावा आपल्या भाषेतच सापडतो. आपण निळसर हिरवा म्हणतो, तांबूस पिवळा म्हणतो, पिवळट हिरवा म्हणतो. ‘हिरवट तांबडा’ किंवा ‘निळसर पिवळा’ मात्र कोणी म्हणत नाही, कारण तसा रंग दिसतच नाही. एवाल्ड हेरिंग यांनी एकोणिसाव्या शतकात हेच निरीक्षण धरून परस्परविरोधी रंगांच्या जोड्यांचा सिद्धान्त मांडला होता. ‘सर’, ‘ट’ आणि ‘ऊस’ हे प्रत्यय कुठे लागतात आणि कुठे अडतात, ते डोळ्याच्या घडणीने ठरवलंय. मला हे फार सुंदर वाटतं.

या तीन आकड्यांनी प्रत्येक रंगाला खोलीतल्या एखाद्या ठिकाणासारखी जागा मिळते. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर शाळेतल्या पायथागोरसच्या नियमाने काढायचं, तोच १९७६चा डेल्टा ई :

```
ΔE*ab = √((ΔL*)² + (Δa*)² + (Δb*)²)
```

एक हिशेब करून पाहू. साडीच्या हळदी काठाचे आकडे ७८, ८, ७४ आहेत आणि ब्लाउजपीसचे ७७, ८, ७०. उजळपणात १चा फरक, ए मध्ये काही नाही, बी मध्ये ४. वर्ग केले तर १ आणि १६, बेरीज १७, वर्गमूळ साधारण ४.१. आता दोन करडे तुकडे घ्या : एक ६२, ०, ० आणि दुसरा ६१, ०, ४. फरक पुन्हा १, ० आणि ४, म्हणजे डेल्टा ई पुन्हा ४.१. आकडा सारखा, पण कापड हातात घेतलं की गोष्ट वेगळी. करड्यांतला एक तुकडा उघडउघड पिवळट दिसतो. हळदी जोडी मात्र बहुतेकजण ‘मॅचिंग आहे’ म्हणून घेऊन जातील.

म्हणजे खोलीतली फूटपट्टी सगळीकडे सारखी लागत नाही. करड्याजवळ डोळा फार चिकित्सक असतो, तर भडक रंगांत बरंच चालवून घेतो. ही खोट दूर करण्यासाठी सीआयईने पुढे सुधारलेली सूत्रं दिली. त्यांपैकी सीआयईडीई २००० आज सर्रास वापरात आहे. त्यात उजळपणा, भडकपणा आणि छटा यांचे फरक वेगवेगळे काढतात आणि प्रत्येकाला त्या-त्या जागेच्या वजनाने भागतात. आपल्या जोड्या त्या सूत्रात घातल्या, तर हळदीचं ४.१ उतरून १.२ होतं आणि करड्याचं ३.८ राहतं. डोळ्याने दिलेला कौल हा असाच होता. म्हणून तुमच्या अहवालातलं १.२ कोणत्या सूत्राचं आहे, हे कारखान्याला विचाराच. सूत्राचं नाव नसलेला डेल्टा ई म्हणजे एकक न लिहिलेलं वजन. १च्या आसपासचा फरक सरावलेल्या नजरेलाच कळतो असा ढोबळ अंदाज धरतात. पण १९७६च्या सूत्रात ही कळण्याची सीमा सरासरीने २.३च्या आसपास मानतात, आणि वर पाहिलंत तसं रंगागणिक ती सरकते.

अनुवादात आणखी दोन गोष्टी जपा. अहवालात एल, ए, बी यांचे फरक चिन्हांसह वेगळे दिले असतील तर ते तसेच ठेवा. डेल्टा ई फक्त अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. मूळ नमुन्यापासून एक ताका १.२ने पिवळ्याकडे सरकला आणि दुसरा १.२ने निळ्याकडे, तर दोन्ही ‘मान्य’. पण एकाची बाही आणि दुसऱ्याचा पाठीचा भाग शिवला, की त्यांच्यातलं अंतर २.४च्या घरात जातं आणि सदरा दुरंगी दिसतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. आकड्याजवळ ‘डी ६५’ असं काही असेल. ते दिवसाच्या सरासरी उजेडाचं ठरवून दिलेलं मानक आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस रस्त्यावर उन्हात आणला की वेगळा दिसतो, हा अनुभव घरोघरचा आहे. दोन कापडांची रंगद्रव्यं वेगळी असली की ती एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात. तेव्हा डेल्टा ई सुद्धा उजेडाबरोबर बदलतो. हे ‘डी ६५’ मजकुरातून वगळलं तर आकडा अर्धा राहील.

आता शब्द. ‘रंगभेद’ नको. तो कातडीच्या रंगावरून होणाऱ्या अन्यायाला इतका चिकटलाय की ‘रंगभेद मान्य’ हे वाक्य वाचून कोणीही दचकेल. ‘रंगांतर’ मलाही आधी आवडला होता, कारण डेल्टा ई खरोखर अंतरच आहे. पण भाषांतर, धर्मांतर आणि स्थलांतर यांच्या रांगेत तो बसला की ‘रंग पालटणं’ असा अर्थ निघतो. ‘छटाभेद’ अपुरा पडतो, कारण छटा हा तीन फरकांतला एकच. शिवाय सूत्रात तो खरंच वेगळा मोजतात, तेव्हा घोटाळा होईल.

मी ‘रंग-फरक’ लिहीन. मिश्र समास म्हणून कोणी नाक मुरडेल, पण ‘शेडमध्ये फरक आहे’ असं बोलणाऱ्या माणसाला तो पहिल्या वाचनात कळतो. पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहा : ‘रंग-फरक (डेल्टा ई, सीआयईडीई २०००, डी ६५ प्रकाश) : १.२, मान्य’. पुढे नुसतं ‘रंग-फरक १.२’ पुरेल. आणि ‘लॅब व्हॅल्यू’ला ‘एल-ए-बी मूल्यं’ म्हणा, म्हणजे पुढच्या वाचकाला प्रयोगशाळेची शंका येणार नाही.