पिकारच्या पद्धतीत तिसऱ्या फेरीचं शेवटचं पद चुकतं का?

प्रश्न: y' = 1 + y², y(0) = 0 हे उदाहरण क्रमिक आसन्नाने सोडवायचं आहे. तिसऱ्या फेरीला मला x + x³/3 + 2x⁵/15 + x⁷/63 मिळालं. खरं उत्तर tan x आहे आणि त्याच्या श्रेणीत x⁷ चा सहगुणक 17/315 आहे. माझं कुठे चुकलं? आणि आधी इंटिग्रल घेऊनच का सुरुवात करायची?

उत्तर:

तुमचं काहीच चुकलेलं नाही. तिसऱ्या फेरीला x⁷/63 हेच यायला हवं. ते पद खरं का नाही, हे कळलं की ही पद्धत बरीचशी कळते. पण त्यासाठी आधी इंटिग्रलकडे जावं लागेल.

समीकरण शून्यापासून x पर्यंत इंटिग्रेट केलं आणि y(0) = 0 वापरलं, की असं मिळतं:

y(x) = ∫₀ˣ (1 + y(t)²) dt

यात दोन गोष्टी एकदम साधतात. आरंभीची अट वेगळी सांभाळावी लागत नाही, कारण x = 0 ठेवल्यावर इंटिग्रल आपोआप शून्य होतं. म्हणजे उजवीकडे कुठलंही सतत फलन घाला, बाहेर पडणारं फलन (0, 0) मधून जाणारच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: इंटिग्रेशन चूक दाबतं, डिफरन्शिएशन ती फुगवतं. अंदाजात x⁵ च्या मापाची चूक असेल, तर इंटिग्रेट केल्यावर ती x⁶ च्या मापाची होते आणि शून्याजवळ आणखी लहान पडते. डिफरन्शिएट केलं असतं तर तीच चूक x⁴ ची झाली असती. फेऱ्या मारून उत्तराकडे सरकायचं असेल, तर इंटिग्रलचं रूप लागतं ते यासाठी. एमिल पिकारने १८९० च्या सुमारास याच रूपावरून उत्तराचं अस्तित्व सिद्ध केलं.

आता फेऱ्या. सुरुवात y₀ = 0 पासून.

y₁ = ∫₀ˣ 1 dt = x

y₂ = ∫₀ˣ (1 + t²) dt = x + x³/3

y₃ = ∫₀ˣ (1 + (t + t³/3)²) dt = x + x³/3 + 2x⁵/15 + x⁷/63

दर वेळी इंटिग्रल आरंभीच्या किमतीत मिळवायचं असतं, मागच्या फेरीच्या उत्तरात नाही. इथे ती किंमत शून्य असल्यामुळे दिसत नाही; पण y(0) = 1 असतं तर प्रत्येक फेरी 1 + ∫ अशी सुरू झाली असती. y₂ + ∫ असं लिहिणारे खूप भेटतात, आणि मग x चा सहगुणकच दुप्पट होऊन बसतो.

मूळ शंका अशी. y₃ काढताना आपण y₂ चा वर्ग घेतला. y₂ मध्ये 2t⁵/15 हे पद अजून आलेलंच नव्हतं. खऱ्या उत्तराचा वर्ग केला असता तर त्यात 2 · t · 2t⁵/15 = 4t⁶/15 असं एक पद असतं. ते आपल्याकडे नाही. इंटिग्रेट केल्यावर त्याचे 4x⁷/105, म्हणजे 12x⁷/315 होतात. तुमचं x⁷/63 म्हणजे 5x⁷/315. बेरीज करून बघा: 5 + 12 = 17. जेवढं पद कमी पडलं, तेवढंच नेमकं वर्गातून गळलं होतं.

हाच हिशेब पुढेही चालतो. yₙ मधली पहिली चूक x च्या एखाद्या घातापाशी असेल, तर वर्ग घेताना ती 2y ने गुणली जाते. y स्वतः x च्या मापाचं असल्यामुळे घात एकाने वाढतो, आणि इंटिग्रेशनने आणखी एकाने. म्हणून या उदाहरणात प्रत्येक फेरीला नेमकं एक नवं पद पक्कं होतं: y₂ मध्ये x³ पर्यंत विश्वास ठेवा, y₃ मध्ये x⁵ पर्यंत, y₄ मध्ये x⁷ पर्यंत. त्यापुढची पदं ही अर्धवट रक्कम असते. y' = y सारख्या सरळ उदाहरणात अशी अर्धवट पदं येतच नाहीत, त्यामुळे तेवढंच एक उदाहरण केलेल्यांना इथे धक्का बसतो.

कुठे थांबायचं? ज्या x वर उत्तर हवं आहे, तिथे लागोपाठच्या दोन फेऱ्यांची तुलना करायची. x = 0.5 वर तीन फेऱ्या ०.५०००, ०.५४१७ आणि ०.५४६० देतात, tan 0.5 आहे ०.५४६३. शेवटच्या दोन फेऱ्यांतला फरक ०.००४३, आणि y₃ मधली प्रत्यक्ष चूक त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. इथे पद्धत छान चालते.

x = 2 वर मात्र त्याच बहुपदी सुमारे २, ४.६७ आणि १०.९७ देतात. tan x तर π/2 पाशी, म्हणजे १.५७ च्या आसपास, अनंताकडे गेलेलं असतं. आपलं उत्तर तिथेच संपतं. बहुपदीला याचा पत्ता नसतो, ती कुठल्याही x वर निमूटपणे एक आकडा देते. फरक वाढत चालले तर सावध व्हा, पण लगेच निकालही देऊ नका. x = 1.5 वर पहिले फरक १.१३ आणि १.२८ असे वाढतातच, तरी तिथे फेऱ्या शेवटी tan 1.5 कडे, म्हणजे सुमारे १४.१ कडे पोचतात. फक्त फार सावकाश. त्या पोचणार हे इथे सांगता येतं, कारण सगळे सहगुणक धन आहेत: x धन असताना प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या वर आणि tan x च्या खाली राहते.

पिकारचं अस्तित्वाचं प्रमेय शून्यापासून किती अंतरापर्यंत उत्तराची हमी देतं, तेही बघण्यासारखं आहे. |y| ≤ b या पट्ट्यात 1 + y² ची कमाल किंमत 1 + b². त्यामुळे हमीचं अंतर b/(1 + b²), आणि b = 1 घेतल्यावर ते सर्वात मोठं, म्हणजे 1/2. खरं उत्तर त्याच्या तिपटीहून दूर जातं. प्रमेय सावधपणे बोलतं. त्यापुढे उत्तर नाहीच, असा त्याचा अर्थ काढू नका.

परीक्षेत चौथी फेरी मागितली तर y₃ चा पूर्ण वर्ग करून x¹⁵ पर्यंत जाण्यात अर्थ नाही (प्रश्नात 'पूर्ण बहुपदी लिहा' असं असेल तर इलाज नाही). वर्गात t⁶ पर्यंतचीच पदं ठेवा: t² + 2t⁴/3 + 17t⁶/45. इंटिग्रेट केलं की x + x³/3 + 2x⁵/15 + 17x⁷/315 मिळतं. x = 0.5 वर याची किंमत ०.५४६२५ येते, आणि tan 0.5 आहे ०.५४६३०.