‘रडू नकोस’ म्हटलं की रडणं वाढतं ते का?

“बायको बारीकसारीक गोष्टीला रडूलालीय. मी लगेच रडू नकोस म्हणतो, काय झालं ते विचारतो, उपायपण सांगतो, तर ती जास्तच रडते. आई म्हणते, नाटकं आहेत, तुला वाकवायला बघते. आईचं खरं असेल काय? आणि मी करू तरी काय?”

नवरा बेळगावातल्या शहापूरचा, यंत्रमागावर काम करणारा. बायको खानापूर तालुक्यातली, शिक्षण सगळं मराठीतून. मुलगी यंदा कन्नड माध्यमात पहिलीला गेली. घरात सासू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आईचं खरं की खोटं, हे वादानं ठरत नाही. म्हणून नवरा-बायकोला एक वही घालून दिली, तीन आठवड्यांसाठी. रडू आलं की चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, आधी काय घडलं, जवळ कोण होतं आणि ते काय बोललं, तासाभरानं कसं वाटलं. कारण शोधत बसायचं नाही. रडताना माणूस जे कारण सांगतो ते बहुतेक वेळा शेवटची काडी असते, मोळी नव्हे.

तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या, बहुतेक संध्याकाळी सातनंतरच्या. त्यातल्या चार मागच्या दारी भांडी घासतानाच्या होत्या आणि त्या वेळी जवळ कोणीच नव्हतं. नवऱ्याला या चारांचा पत्ताच नव्हता, वही वाचताना कळलं. वाकवायला रडणारं माणूस समोर कोणी नसताना रडत नाही, त्यामुळे नाटकाची शंका इथंच बरीचशी मिटली. शिवाय रडण्याचा आवाज काढणं सोपं असतं, डोळ्यांतून पाणी काढणं नसतं. अश्रुग्रंथी हाताबोटांसारखी आपल्या हुकमातली नाही. सरावलेले नट ते करतात, पण रोज रात्री भांड्यांपाशी कोणी तालीम करत नाही.

मग अश्रू आहेत कशासाठी? डोळा ओला ठेवणारं पाणी आणि कांदा चिरताना येणारं पाणी इतर प्राण्यांनाही येतं. भावनेनं डोळे भरून येणं मात्र, आजवरच्या माहितीप्रमाणे, माणसातच दिसतं. डार्विननं १८७२च्या पुस्तकात या अश्रूंना स्वतंत्र उपयोग नाही असं मानलं होतं. आज अभ्यासक त्यांच्याकडे खूण म्हणून पाहतात. तान्हं बाळ पहिले काही आठवडे नुसतं ओरडतं, डोळ्यांत पाणी जवळजवळ नसतं. ओरडणं दूरवर जातं, नको त्याच्याही कानी पडतं. अश्रू आवाज करत नाहीत, ते हातभर अंतरावरच्या माणसालाच दिसतात. वय वाढतं तसं ओरडणं मागे पडतं आणि ही जवळच्यांपुरती खूण उरते. नजर धूसर करून माणूस जणू सांगतो की आत्ता मी लढू शकत नाही, जवळ ये.

आणि पाहणाऱ्याला ते कळतंही, फार लवकर. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ ॲड विंगरहूट्स यांनी यात आयुष्य घातलं. त्यांच्या सहकाऱ्यांसह ४१ देशांत झालेल्या एका अभ्यासात लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काही अश्रूंसह, काही तेच अश्रू पुसून. अश्रू दिसले की मदत करावीशी वाटणं वाढत होतं. दुसरी बाजूही आहे. इतर काही प्रयोगांत रडणारा माणूस लोकांना प्रेमळ वाटला, पण कामात थोडा कच्चाही. सुनेच्या रडण्यावर सासूचं पहिलं वाक्य “एवढंसुद्धा जमत नाही” असं का येतं, त्याचं मूळ थोडं इथं असावं. गंमत अशी की मयताच्या घरी हीच सासू गळ्यात पडून हेल काढून रडते आणि तिथं कुणी नाटक म्हणत नाही. प्रसंगाला मान्यता असली की अश्रूंनाही असते.

आता नवऱ्याची अडचण. अश्रू पाहिले की पाहणाऱ्यालाही आतून टोचायला लागतं, कारण ती खूण त्याच कामाची आहे. हे टोचणं लवकर थांबावं म्हणून तो “रडू नकोस” म्हणतो. समोरच्याला ऐकू येतं ते “तुझी खूण बंद कर.” जवळ ये म्हणून केलेली खूण पोचली नाही, की ती आणखी मोठी होते. वहीत हे लख्ख दिसलं. पालकसभेहून परतल्याच्या रात्री बायको रडली. सभा सगळी कन्नडमध्ये, तिला निम्मं कळलं नाही आणि शेजारच्या बाईनं कागद भरून दिला. नवरा म्हणाला, “मी उद्या सरांशी बोलतो, विषय संपला.” रडणं पाऊण तास चाललं. चार दिवसांनी तो दमला होता, काही न बोलता नुसता शेजारी टेकला. त्या दिवशी दहा मिनिटांत थांबलं.

मग ठरवून करायला दिलं ते एवढंच. मोबाईल पालथा ठेवायचा, समोर नाही तर शेजारी बसायचं. पहिली काही मिनिटं प्रश्न नाही, उपाय नाही. मग एकच विचारायचं, “बसू की जरा एकटीला राहायचंय?” आणि उत्तर येईल ते मानायचं, कारण काहींना एकटंच बरं वाटतं. सासूबाईंनी नातीला घेऊन पुढच्या सोप्यात जायचं. एकापेक्षा जास्त बघे असले की लाज येते, आणि लाजत रडलेलं माणूस मोकळं होत नाही.

मूळ विषय दीड तासानं काढायचा, त्याआधी नाही. “रडलं की लगेच हलकं वाटतं” हे सरसकट खरं नाही. एका प्रयोगात करुण चित्रपट पाहून रडलेल्यांचं मन आधी खालीच गेलं, वीस मिनिटांनी पूर्वीइतकं झालं आणि दीड तासानं पूर्वीपेक्षा बरं. रडणं थांबताक्षणी “आता सांग” म्हटलं, तर माणूस नेमका तळाशी असतो. नवऱ्याची नेहमीची चूक हीच होती.

हे सगळं साध्या रडण्याला लागू. दोन आठवडे जवळजवळ रोज रडू, त्याबरोबर झोप-भूक बिघडलेली, कशातच मन नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं असेल, तर शेजारी बसणं पुरत नाही. बाळंतपणानंतर तसं झालं तर मुळीच थांबू नये. पक्षाघातानंतर विनाकारण रडू फुटत असेल तर ते मेंदूचं दुखणं असू शकतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं, लगेच बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे. या बाईंची झोप, भूक, काम नीट होतं, म्हणून तिकडे पाठवलं नाही.

पाचव्या आठवड्यात त्यानं दीड तास थांबून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “सरांशी तुम्ही बोलू नका. शाळेतनं चिठ्ठी आली की मला वाचायला शिकवा.” त्याचं कन्नड बाजारातलं, बोलण्यापुरतं पक्कं, पण अक्षरं कच्ची. आता रविवारी मुलीची पहिलीची पाटी तिघांत फिरते. वहीतली शेवटची नोंद त्याच्या अक्षरात आहे: “८ वाजता. मी नुसता बसलो. १५ मिनिटं. नंतर चहा तिनंच टाकला.”