मेश नोड दुसऱ्या खोलीत नेल्यावर ऑफलाइन दाखवतोय

प्रश्न: खानापूरला जुनं चिऱ्याचं घर आहे. राउटर पुढच्या सोप्यात आहे. माजघरातला मेश नोड मागच्या खोलीत नेला, तर अ‍ॅपमध्ये ऑफलाइन दाखवतोय. रीसेट मारू का?

उत्तर: रीसेट आत्ताच मारू नका. नोड काढून सोप्यात मुख्य राउटरपासून दोन-तीन मीटरवर त्याच्याच अ‍ॅडॅप्टरवर लावा आणि पाचेक मिनिटं थांबा. सुरू होऊन जोडणी शोधायला त्याला तेवढा वेळ लागतो. तिथं ऑनलाइन आला तर नोड धड आहे, चूक जागेची आहे. जवळ ठेवूनही आला नाही तरच रीसेट करून अ‍ॅपमधून नव्यानं जोडा.

मागच्या खोलीत नेल्यावर फोनवर वायफायचे सगळे दांडे दिसतात, म्हणून माणूस फसतो. ते दांडे फोन आणि नोड यांच्यामधले. नोडला इंटरनेट मिळतं ते राउटरकडून, आणि तोच दुवा तुटलाय.

चिऱ्याची भिंत दीड फूट जाड असली की ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल फार खाते. २.४ गिगाहर्ट्‌झ थोडा जास्त आत शिरतो, पण वेग कमी देतो. माजघरात नोड होता तेव्हा मधे एकच भिंत होती, आता दोन झाल्या. त्यात राउटर आणि नोड तिरके असतील तर भिंत आणखी जाड पडते: पंचेचाळीस अंशांच्या कोनात दीड फुटाची भिंत सिग्नलला दोन फुटांहून जास्त लागते. मधे लोखंडी कपाट किंवा फ्रीज असेल तर मग विचारूच नका.

म्हणून जिथं नेट येत नाही, तिथं नोड ठेवायचा नसतो. जिथं राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे, अशा शेवटच्या जागी ठेवायचा. ती जागा मोजून काढा. नोडची पिन काढा, म्हणजे फोन फक्त राउटरचाच सिग्नल दाखवील. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप घ्या आणि ५ गिगाहर्ट्‌झचा आकडा बघत सोप्यातून मागे चालत जा. उणे ६५ डीबीएमच्या आसपास आकडा असेपर्यंत जागा चालते. उणे ७५ च्या पुढे, म्हणजे उणे ८० कडे, गेला की नोड कधी लागतो, कधी सुटतो.

समजा माजघरात उणे ६०, माजघराच्या मागच्या दारात उणे ६६ आणि मागच्या खोलीत उणे ८० आला. मग नोड त्या दारालगत माजघरातच, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर ठेवा. उघड्या दारातून सिग्नल मागच्या खोलीत जातो, भिंत आडवी येत नाही. कपाटात किंवा टीव्हीमागे मात्र नको.

नोड मागच्या खोलीतच हवा असेल तर कॅट-६ केबल टाका. १०० मीटरपर्यंत चालते. तिचं टोक मुख्य मेश राउटरच्या लॅन पोर्टमध्येच लावा. फायबरच्या डब्यात लावलं तर तो नोड मेशपासून तुटेल आणि पुन्हा ऑफलाइनच दिसेल.