डिकी भरल्यावर हेडलाइटचा फोकस किती खाली घ्यायचा?

प्रश्न: गणपतीला गावी जाताना गाडीत पाच जण आणि डिकी गच्च भरलेली असते. लाइट लो बीमवरच असतो, तरी समोरचे सारखे डिपर मारतात. स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक आहे, ते कितीवर ठेवायचं? की सरळ ऑटोमॅटिक लेव्हलिंगवाली गाडी घ्यावी?

उत्तर:

चाक २ वर ठेवा. बऱ्याच गाड्यांत ० म्हणजे पुढे एक-दोन माणसं आणि डिकी रिकामी, १ म्हणजे सगळ्या सीट भरलेल्या, २ म्हणजे सगळ्या सीट आणि डिकीही भरलेली, तर ३ म्हणजे फक्त ड्रायव्हर आणि डिकी भरलेली. आकडा वाढवला की उजेड खाली जातो. कंपनीप्रमाणे हे थोडं बदलतं, त्यामुळे मॅन्युअलमधला तक्ता एकदा बघून घ्या.

माणसं कमी असताना आकडा सगळ्यात मोठा कसा, असं वाटेल. डिकीतलं ओझं मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असतं. त्यामुळे मागची बाजू बसते आणि पुढची किंचित उचलली जाते. शेजारच्या सीटवर कोणी असेल तर पुढेही थोडं वजन येतं आणि हा कल कमी होतो. एकटा ड्रायव्हर आणि भरलेली डिकी असली की गाडीचं तोंड सगळ्यात वर जातं. म्हणूनच जड सामान डिकीत अगदी आत, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवलं की फरक पडतो.

समोरचे का चिडतात ते आकड्यांत बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २५० सेंमी आणि हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंमी उंच, असं धरू. लो बीमला वरच्या बाजूला उजेड-अंधाराची एक स्पष्ट रेघ असते. कंपनीतून ती साधारण १ टक्का खाली झुकवलेली येते, म्हणजे १० मीटरवर १० सेंमी खाली. ५० मीटरवर ती रस्त्यापासून १५ सेंमीवर असते, कुणाच्या डोळ्यात जाण्याचा प्रश्नच नाही. आता सामान भरल्यावर मागची बाजू ५ सेंमी बसली. २५० ला ५ म्हणजे २ टक्के. १ टक्का खाली असलेली रेघ आता १ टक्का वर गेली, आणि त्याच ५० मीटरवर ती ११५ सेंमीवर पोचली. समोरून येणाऱ्या कारच्या ड्रायव्हरचे डोळे जवळपास त्याच उंचीवर असतात. त्याला तुमचा लो बीम हाय बीमसारखाच वाटतो.

तुमच्या गाडीला नेमका कोणता आकडा लागतो ते घरीच कळतं. डिकी रिकामी असताना, चाक ० वर ठेवून, गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. टायरची हवा बरोबर असू द्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा. अंधार पडल्यावर लो बीम लावला की भिंतीवर ती रेघ दिसेल: उजवीकडे आडवी आणि डावीकडे थोडी वर चढणारी, कारण आपण डावीकडून चालतो आणि डावा काठ दिसायला हवा. आडव्या भागावर चिकटपट्टी लावा. पट्टी हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंमी खाली यायला हवी. नेमका टक्का बऱ्याच गाड्यांत हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या लेबलवर छापलेला असतो.

निघायच्या आदल्या रात्री सामान भरून, सगळ्यांना बसवून गाडी त्याच जागी आणा. वरच्या उदाहरणातली रेघ पट्टीच्या वर तब्बल १० सेंमी दिसेल. आता चाक एकेक घर फिरवत जा. प्रत्येक वेळी हेडलाइटच्या आतून बारीक घरघर ऐकू येईल आणि रेघ खाली सरकेल. ती पट्टीवर आली की तोच तुमचा आकडा. घरघर एकाच बाजूने आली किंवा एकच दिवा हलला, तर त्या बाजूची छोटी मोटर गेली आहे. चाक फिरवताना लो बीम चालू असू द्या, बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय मोटर हलत नाही.

गावी सामान उतरवलं की चाक आठवणीने ० वर आणा. ‘कुणाला त्रास नको’ म्हणून कायम ३ वर ठेवणं धोक्याचं आहे. रेघ २.५ टक्के खाली गेली तर ६५ सेंमी उंचीवरचा उजेड २६ मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ६० किमी वेगात ब्रेक लावायचं सुचून गाडी थांबेपर्यंत त्याहून जास्त रस्ता लागतो, आणि रस्ता ओला असेल तर आणखी.

गॅरेजमध्ये फोकस सेट करून घेताना मात्र चाक ० वर आहे ना, हे स्वतः बघा. मेकॅनिक हेडलाइटमागचा स्क्रू फिरवतो, ती कायमची सेटिंग असते. चाक २ वर असताना स्क्रूने फोकस बरोबर केला, तर ० वर आल्यावर तो कायम उंच राहणार. उलट, एका प्रवासाच्या सामानासाठी स्क्रूला हात लावू नका. डिकीत बाहेरून सीएनजी सिलिंडर बसवला असेल तर ते कायमचं ओझं आहे. अशा वेळी सिलिंडरसकट आणि चाक ० वर ठेवूनच स्क्रूने फोकस सेट करायचा, म्हणजे चाकाची सगळी घरं सामानासाठी मोकळी राहतात.

आता ऑटोमॅटिकबद्दल. मागच्या सस्पेन्शनजवळ एक सेन्सर असतो, काही गाड्यांत पुढेही. एका छोट्या दांडीने तो सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. मागची बाजू किती बसली हे त्याला कळतं आणि कंट्रोल युनिट हेडलाइटच्या मोटरना तेवढं खाली न्यायला सांगतं. साधी सिस्टिम फक्त ओझं बघते. महागडी सिस्टिम ब्रेक मारताना आणि पिकअप घेताना गाडी जी पुढेमागे झुकते, तेही क्षणात सांभाळते. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या लो बीमला ऑटोमॅटिक लेव्हलिंग सक्तीचं होतं, साध्या हॅलोजनला हाताचं चाक चालत असे. हा फरक मला पटतो: झेनॉन किंवा जोरदार एलईडी असेल तर ऑटोमॅटिक हवंच, हॅलोजनला चाक पुरतं. फक्त यासाठी गाडी बदलू नका.

शिवाय ती दांडी चिखल-खड्ड्यांच्या वाटेवरच असते. तिचा सांधा गंजतो, दगड लागून ती वाकते. मग बहुतेक वेळा डॅशबोर्डवर इशारा येतो आणि हेडलाइट सुरक्षित म्हणून अगदी खाली जाऊन थांबतात. मागच्या स्प्रिंग किंवा सेन्सर बदलला तर स्कॅनर लावून सिस्टिमला नवा शून्य शिकवावा लागतो, नुसता स्क्रू फिरवून भागत नाही.

पुढेमागे अशी गाडी बघायला गेलात तर तिला भिंतीसमोर उभी करून लो बीम लावायला सांगा. बऱ्याच गाड्यांत उजेड आधी खाली जाऊन मग जागेवर येतो. त्यानंतर दोघांना डिकीच्या काठावर बसवा. रेघ आधी वर चढेल आणि सिस्टिम ठीक असेल तर काही सेकंदांत परत खाली येईल.